आईचा बुधवार, काकूंचा गुरुवार

२०२३ सालची गोष्ट. ७ सप्टेंबरची सकाळ, गुरुवार. आदल्या रात्री कृष्णजन्म झाला होता, पाळणा हलवून झाला होता, सुंठवडा वाटून झाला होता आणि आईने गोपाळकाला कालवायला घेतला होता. पोहे, दही, काकडी, लिंबाचं लोणचं, वर हिरव्या मिरचीची फोडणी. रस्त्यावर हंडीच्या दोरखंडाची ओढाताण सुरू झाली होती आणि स्पीकरवाला एकच गाणं तिसऱ्यांदा तपासून बघत होता. आईने एक वाडगा भरून माझ्या हातात दिला, "समोरच्या काकूंना देऊन ये."

काकूंनी दार उघडलं, वाडगा बघितला आणि हसून म्हणाल्या, "अगं, आज माझा उपास. जन्म आज रात्री."

मी वाडगा घेऊन परत. आई म्हणाली, "असं कसं? काल बारा वाजता जन्म झाला ना!" मग भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. बुधवारच्या चौकोनात श्रीकृष्ण जयंती, गुरुवारच्या चौकोनात गोपाळकाला. आईचं समाधान झालं. माझं झालं नाही, कारण काकू काही पंचांग न बघता उपास करणाऱ्यातल्या नाहीत. त्या भागवत एकादशी करतात, चातुर्मासाचे नियम पाळतात, कृष्णमंदिरात नेमाने जातात. त्यांच्या मंदिरात जन्म गुरुवारी होता. मथुरेतही गुरुवारीच.

दरवर्षी या विषयावर फोनवर तेच ते फिरत असतं: 'हिंदूंनी एक दिवस ठरवायला काय हरकत आहे' वगैरे. हे लिहिणाऱ्यांना वाटतं, कोणीतरी गणित चुकवतंय. मलाही तसंच वाटायचं. त्या दिवशी वाडगा फ्रिजमध्ये ठेवला आणि पहिल्यांदा पंचांगातल्या वेळा कागदावर उतरवून काढल्या.

सप्तमी संपून अष्टमी लागली बुधवारी दुपारी ३ वाजून ३७ मिनिटांनी. ती संपली गुरुवारी दुपारी ४ वाजून १४ मिनिटांनी. रोहिणी लागली बुधवारी सकाळी ९ वाजून २० मिनिटांनी, संपली गुरुवारी सकाळी १० वाजून २५ मिनिटांनी. म्हणजे बुधवारच्या मध्यरात्री अष्टमी होती आणि रोहिणीही होती. कृष्णजन्माच्या परंपरेत वारसुद्धा बुधवार सांगतात, तोही होता. यापेक्षा अचूक योग मागूनही मिळायचा नाही. आणि काकूंच्या परंपरेने नेमकी हीच रात्र सोडून दिली होती! गुरुवारच्या मध्यरात्री ना अष्टमी, ना रोहिणी. नवमी चालू, मृग नक्षत्र चालू.

इथे मी अडकले. कारण तोवर मी ऐकत आले होते की वैष्णव लोक रोहिणीला महत्त्व देतात म्हणून त्यांचा दिवस पुढे जातो. हे अर्धवट आहे, हे त्या कागदानेच दाखवलं.

आईचा नियम सोपा. जन्म मध्यरात्रीचा, म्हणून तिथी मध्यरात्रीची बघायची. शास्त्रात तिला निशीथ म्हणतात. सूर्यास्त ते सूर्योदय एवढ्या रात्रीचे पंधरा सारखे भाग करायचे, त्यातला मधला म्हणजे आठवा भाग तो निशीथ. श्रावणात तो साधारण पाऊण तासाचा भरतो. या पाऊण तासात ज्या रात्री अष्टमी, त्या दिवशी उपास. दोन्ही रात्रींच्या निशीथात अष्टमी असेल किंवा दोन्हींत नसेल, तर रोहिणी कुठल्या बाजूला आहे ते बघतात, आणि तिनेही निवाडा होत नसेल तर दुसरा दिवस घेतात. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस धर्मसिंधु लिहिला, त्यात या सगळ्या शक्यतांची उकल आहे, आणि महाराष्ट्रातली पंचांगं बहुतेक तीच वाट धरतात. याला स्मार्त निर्णय म्हणायचं.

काकूंचा नियम मध्यरात्रीपासून सुरूच होत नाही. तो सुरू होतो सूर्योदयापासून. ज्या दिवशी सूर्य उगवताना सप्तमी आहे तो दिवस सप्तमीचा, मग पुढे दुपारी अष्टमी लागो की संध्याकाळी. अशा अष्टमीला सप्तमीचा वेध झाला, ती विद्धा. व्रताला शुद्धा हवी. आणि वैष्णव ग्रंथ इथे फार ठाम आहेत: सप्तमीने विटाळलेली अष्टमी रोहिणीसकट आली तरी घ्यायची नाही. पंचगव्य कितीही शुद्ध असो, त्यात मद्याचा थेंब पडला तर ते चालेल का, अशी त्यांची उपमा आहे. म्हणजे २०२३ सारखी परिस्थिती येणार, रोहिणी नेमकी विद्ध रात्रीत सापडणार आणि लोकांना मोह होणार, हे त्या लोकांनी आधीच ओळखून ठेवलं होतं.

मराठी माणसाला खरं तर हे नवं वाटायला नको. एकादशीला आपण हेच करतो. कॅलेंडरवर एका दिवशी 'स्मार्त एकादशी' आणि दुसऱ्या दिवशी 'भागवत एकादशी' छापलेली असते, दशमीचा वेध टाळण्यासाठी वारकरी दुसऱ्या दिवशी उपास करतात, आणि त्यावरून कोणी वाद घालत नाही. जन्माष्टमीला मात्र आपण चकित होतो. कदाचित वाढदिवस म्हटलं की तारीख एकच हवी असं डोक्यात बसलेलं असतं.

मग रोहिणी नेमकी कशासाठी?

भागवताच्या दशम स्कंधात जन्माचं वर्णन आहे, तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला. दिशा प्रसन्न, नद्यांचं पाणी निवळ, वारा सुखद. त्यात निशीथ आहे, दाट अंधार आहे. नक्षत्रही आहे, पण त्याचं नाव सरळ घेतलेलं नाही. 'अजनजन्मर्क्ष' असा शब्द आहे. अजन म्हणजे विष्णू, त्याच्यापासून जन्मलेला तो प्रजापती, आणि प्रजापती ज्याची देवता ते ऋक्ष, म्हणजे रोहिणी. एक छोटंसं कोडंच घातलंय. आणि गंमत अशी की त्या वर्णनात अष्टमी नाही! तिथी इतर पुराणांतून येते. आज ज्या अष्टमीवरून दोन दिवस होतात तिचं नाव तिथे नाही, आणि जी रोहिणी बहुतेकांच्या लक्षातही नसते ती पहिल्याच श्लोकात आहे.

ग्रंथकारांनी म्हणून अष्टमीला रोहिणी मिळाली की त्या योगाला वेगळं नाव दिलं: जयंती. नुसती अष्टमी ती जन्माष्टमी, रोहिणीयुक्त ती जयंती. ही दोन वेगळी व्रतं की एकाच व्रताची दोन रूपं, यावर बरीच पानं खर्ची पडली आहेत. आपल्याकडे व्यवहारात रोहिणीचं स्थान पाहुणीसारखं झालं. आली तर सोन्याहून पिवळं, नाही आली तर तिच्यासाठी पान थांबत नाही.

पण ती येत का नाही, हा प्रश्न मला जास्त ओढून घेऊन गेला. कारण २०२५ साली ती आली नाही. २०२२ साली आली नव्हती. २०२० सालीही नाही. २०२१, २०२३, २०२४ साली मात्र आली. हे यादृच्छिक दिसत नव्हतं.

तिथी आणि नक्षत्र ही दोन वेगळी घड्याळं आहेत. नक्षत्र सांगतं, चंद्र आकाशात कुठल्या ताऱ्यांजवळ आहे. तिथी सांगते, चंद्र सूर्यापासून किती लांब गेला आहे. रोहिणीची जागा आकाशात पक्की आहे: वृषभ राशीत १० अंशांपासून २३ अंश २० कलांपर्यंत. त्यात रोहिणीचा तांबूस तारा आहे, शहरातूनही दिसतो. अष्टमीची जागा पक्की नाही, ती सूर्याबरोबर सरकते. वद्य अष्टमीला चंद्र अर्धा असतो, मध्यरात्रीच्या आसपास उगवतो, आणि सूर्यापासून पाव वर्तुळ मागे असतो. पाव वर्तुळ म्हणजे तीन राशी.

आता बोटांवर मोजायचं. चंद्र वृषभेत हवा, तर सूर्य त्याच्या तीन राशी पुढे हवा. मिथुन, कर्क, सिंह. सूर्य सिंहेत हवा! अष्टमी तिथीला बारा अंशांची रुंदी असते, म्हणून बरोबर पाव वर्तुळाच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा अंश सूट मिळते. हिशेब केला की उत्तर येतं: सूर्य सिंहेच्या चौथ्या अंशापासून साधारण एकोणतिसाव्या अंशापर्यंत असेल तेव्हाच वद्य अष्टमीला रोहिणी गाठता येते. सूर्य सिंहेत शिरतो १७ ऑगस्टच्या सुमारास आणि रोज जवळपास एक अंश चालतो. म्हणजे ही खिडकी २१ ऑगस्टच्या आसपास उघडते आणि १६ सप्टेंबरच्या आसपास बंद होते. अष्टमी त्याआधी येऊन गेली तर रोहिणीची भेट होणं शक्यच नाही. पंचांगकर्ता कितीही भाविक असला तरी नाही.

मग वर्षं लावून बघितली. २०२० साली अष्टमी ११-१२ ऑगस्टला: हुकली. २०२१ साली ३० ऑगस्टला: सापडली. २०२२ साली १८-१९ ऑगस्टला: हुकली, आणि तीही जेमतेम. अष्टमी १९ तारखेला रात्री ११च्या आत संपली आणि रोहिणी पुढच्या तीन तासांत लागली. २०२३ साली ६ सप्टेंबर, २०२४ साली २६ ऑगस्ट: दोन्ही आरामात आत. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान, म्हणून अष्टमी दरवर्षी अकरा दिवस अलीकडे घसरत येते, खिडकीच्या बाहेर पडते, आणि मग अधिक मास येऊन तिला पुन्हा उचलून आत ठेवतो. २०२३ साली श्रावणच अधिक होता, म्हणून तर जन्माष्टमी सप्टेंबरपर्यंत गेली. अधिक मासाला आपण धोंड्याचा महिना म्हणून जावयाला अनारसे खाऊ घालतो. तोच महिना कृष्णाच्या नक्षत्राचीही सोय लावतो, हे मला ठाऊक नव्हतं.

२०२४ साली २६ ऑगस्टला पहाटेच, सूर्य उगवायच्या आधी, अष्टमी लागली होती. रात्री निशीथातही होती, रोहिणीही दुपारपासून होती. आई आणि काकू दोघींचा उपास एकाच सोमवारी. त्या वर्षी सोशल मीडियावर कोणी काही बोललं नाही. दोन दिवस झाले की बोलतात, एक झाला तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

आणि मग २०२५. अष्टमी लागली १५ ऑगस्टला, शुक्रवारी, रात्री ११ वाजून ४९ मिनिटांनी. संपली शनिवारी रात्री ९ वाजून ३४ मिनिटांनी. आता बघा. मुंबईत त्या रात्री निशीथ होता साधारण १२.२० ते १.०५. घड्याळातले बारा ही खरी मध्यरात्र नव्हे. आपलं घड्याळ देशाच्या मध्यावरच्या रेखावृत्तावर चालतं आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला. तर निशीथ सुरू व्हायच्या अर्धा तास आधी अष्टमी हजर झाली. शनिवारच्या निशीथापर्यंत ती टिकली नाही. आईचा दिवस शुक्रवार, निर्विवाद. शुक्रवारी सूर्योदयाला सप्तमी, म्हणून काकूंचा दिवस शनिवार, तोही निर्विवाद.

पण हाच आईचा नियम घेऊन आसामात दिब्रुगडला जाऊन बसा. तिथे सूर्य पावणेसहाला मावळतो, पहाटे पाचच्या आत उगवतो. तिथला निशीथ ११.३७च्या सुमाराला संपून जातो, आणि अष्टमी त्यानंतर लागते. दुसऱ्या रात्री निशीथ येईपर्यंत अष्टमी गेलेली. म्हणजे दोन्ही रात्री रिकाम्या. रोहिणीही कुठे नाही. मग नियमानुसार दुसरा दिवस. एकच ग्रंथ, एकच संप्रदाय, तरी मुंबईला शुक्रवार आणि दिब्रुगडला शनिवार. 'सगळ्या देशाचा एकच दिवस ठरवा' म्हणणाऱ्यांना हे आधी सांगायला हवं.

रोहिणी त्या वर्षी लागली रविवारी, १७ ऑगस्टला पहाटे ४ वाजून ३८ मिनिटांनी. दोन्ही जन्म होऊन गेल्यावर.

तिची खरी वाट बघणारे लोक दक्षिणेत आहेत. केरळात या सणाचं नावच अष्टमीरोहिणी. ते श्रावण-भाद्रपद बघत नाहीत, सूर्य सिंहेत असतानाचा महिना बघतात, त्यांचा चिंगम. उडुपीच्या कृष्णमठातही सौर महिन्याने चालतं. २०२५ साली ऑगस्टातली अष्टमी झाली तेव्हा सूर्य अजून कर्केत होता, काही तासांनी सिंहेत जाणार होता. म्हणून त्यांनी ती अष्टमी आपली मानलीच नाही. ते पुढच्या वद्य अष्टमीपर्यंत थांबले, आणि गुरुवायूर, उडुपी इथला उत्सव १४ सप्टेंबरला झाला. आपल्याकडे तेव्हा गणपती विसर्जन होऊन पितृपक्ष लागला होता. पितृपक्षात कृष्णजन्म! आईला हे सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी अभद्र बोलले. पण वर बोटांवर मोजलेली सिंह रास आठवा. ज्यांनी रोहिणीला पाहुणी न मानता घरची मानलं, त्यांना सिंह मास धरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मला तरी त्यांचा नियम सगळ्यांत देखणा वाटतो. आचरणात मात्र मी आईचाच पाळणार, कारण शेवटी सुंठवडा आईच्या हातचा असतो.

यात एक मेख आहे ती सांगून टाकते. रोहिणीची जागा पक्की आहे म्हटलं, पण राशीचक्राचा शून्य कुठे धरायचा यावर महाराष्ट्रातच दोन पक्ष आहेत. बहुतेक पंचांगं चित्रा ताऱ्याला धरून चालतात. टिळक पंचांग रेवतीतल्या एका ताऱ्याला धरतं. दोन शून्यांत साधारण चार अंशांचं अंतर पडतं, आणि चंद्राला चार अंश चालायला सात तास लागतात. म्हणजे रत्नागिरीतल्या एखाद्या टिळक पंचांगवाल्या घरात रोहिणी इतरांपेक्षा सातेक तास आधी लागते. मी वर दिलेली खिडकीही चारेक दिवस अलीकडे सरकते. तिथीच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही, कारण तिथी म्हणजे सूर्य-चंद्रातलं नुसतं अंतर; शून्य हलवला तर दोघंही सारखेच हलतात. मला वाटतं, रोहिणी आपल्याकडे मागे पडून अष्टमी पुढे आली यात या सोयीचाही वाटा असावा. हा माझा अंदाज, शास्त्र नव्हे.

२०२५चा तो शुक्रवार. आई रात्री साडेअकरापासून घड्याळाकडे बघत होती. देवघरातला छोटा पितळी पाळणा, त्याला झेंडूची माळ, आत रांगता बाळकृष्ण, त्याच्यावर चिमुकलं पांघरूण. मी फोनवर वेळ बघून म्हटलं, "अष्टमी लागली. पण खरी मध्यरात्र व्हायला अजून अर्धा तास आहे." आई म्हणाली, "मग थांबू." बिल्डिंगमधल्या बाकीच्या घरांतून बाराच्या ठोक्याला घंटा वाजल्या. आमच्याकडे सव्वाबारा उलटल्यावर. आईने दोरी ओढली आणि हळू आवाजात पाळणा म्हटला, खालच्या मजल्यावरचं बाळ उठू नये म्हणून.

शनिवारी सकाळी काला झाला. या वेळी आईने वाडगा भरला नाही. काकूंना विचारून रविवारी सकाळी द्यायचं ठरवून, पोहे आणि दही वेगळं काढून ठेवलं.

"आणि ती तुझी रोहिणी?" तिने झोपायला जाताना विचारलं.

"उद्या पहाटे. साडेचारच्या पुढे."

मी गजर लावला होता, चंद्र दिसला तर बघावा म्हणून. गजराने जाग आली तेव्हा बाहेर नुसता पाऊस कोसळत होता. गॅलरीच्या पत्र्यावर असा आवाज की आकाश आहे की नाही तेही कळेना. स्वयंपाकघरात दिवा होता. आई ओट्यापाशी उभी राहून काकूंच्या वाडग्यासाठी काकडी चोचवत होती. तिने मान वर न करता विचारलं, "लागली का गं?"

मी घड्याळ बघितलं. चार चाळीस.

"लागली," मी म्हटलं, आणि मिरच्या धुवायला घेतल्या.